चष्म्याच्या दुकानाचा मोफत दृष्टी तपासणी सप्ताह: पालकांसाठीच्या पोस्टरचा मजकूर कसा लिहावा

चष्म्याच्या दुकानदाराने शाळकरी मुलांसाठी मोफत तपासणीचा आठवडा ठरवला की पोस्टरचा मजकूर बहुतेक वेळा डीटीपीवालाच लिहितो. मागच्या वर्षीची फाइल उघडायची, तारीख बदलायची, वर ‘भव्य’ टाकायचं. असं पोस्टर पाहून येतात ते ज्यांच्या मुलांना आधीच चष्मा आहे ते पालक, कारण त्यांना नंबर वाढला का हे पाहायचंच असतं. ज्यांच्या मुलाची तपासणी कधी झालेलीच नाही ते पोस्टरसमोरून निघून जातात. पोस्टर लिहायचं आहे ते या दुसऱ्या पालकांसाठी.

खाली तालुक्याच्या गावातलं एक दुकान उदाहरणासाठी घेतलं आहे. दुकानात एक ऑप्टोमेट्रिस्ट आहे, एक मदतनीस आहे आणि तपासणीची एकच खोली आहे. पाचशे पावलांवर शाळा आहे. तुमच्याकडे माणसं जास्त असतील तर आकडे बदलतील, क्रम तोच ठेवा.

आधी किती मुलं तपासता येतील ते मोजा

मजकुराचा पहिला शब्द लिहिण्याआधी कागदावर हिशेब करा. एका मुलाला साधारण पंधरा मिनिटं धरा. नाव, इयत्ता आणि जुना चष्मा पाहण्यात दोन मिनिटं जातात. एकेक डोळा झाकून तक्ता वाचून घ्यायला चार, यंत्रावर किंवा रेटिनोस्कोपने अंदाज घ्यायला तीन, ट्रायल फ्रेममध्ये काचा बदलून पाहायला चार आणि पालकांना समजावून सांगायला दोन. ही शेवटची दोन मिनिटं कापू नका. पालक घरी जाऊन जे सांगणार ते तेवढ्यातच ठरतं.

सोमवार ते शनिवार संध्याकाळी 5 ते 8 या वेळेत रोज 12 मुलं होतात, म्हणजे सहा दिवसांत 72. रविवारी सकाळी 9 ते 1 मध्ये 16. एकूण 88. मूल दमलं, रडलं किंवा पुन्हा बोलवावं लागलं तर काही वेळ मोकळा हवा, म्हणून 80 नावं नोंदवायची आणि तिथे थांबायचं. पोस्टरवर ‘आधी नाव नोंदवा’ ही ओळ या हिशेबातून येते. ती नसेल तर रविवारी अकरा वाजता दुकानाबाहेर चाळीस माणसं उभी राहतात, आत पाच मिनिटांत एक मूल उरकलं जातं आणि घाईत एक डोळा झाकायचा राहून जातो. मुलांच्या तपासणीत सगळ्यात महागात पडणारी चूक तीच आहे.

आठवडा कोणता घ्यायचा यालाही कारण हवं. राज्यात बहुतेक शाळा जूनच्या मध्याला सुरू होतात, विदर्भात थोड्या उशिरा. जूनमध्ये वह्या-पुस्तकं, गणवेश आणि रेनकोट यांत पालकांचा खिसा रिकामा होतो आणि कोण कुठल्या बाकावर बसणार हेही ठरलेलं नसतं. जुलैच्या मध्यापर्यंत घडी बसते. परीक्षेचा आठवडा टाळा. काही मुलांना पुढे डॉक्टरांकडे जाऊन डोळ्यांत थेंब घालून घ्यावे लागतात, आणि त्यानंतर जवळचं अक्षर एक-दोन दिवस, काही औषधांनी त्याहूनही जास्त दिवस, धूसर दिसतं. सहामाहीच्या पेपरच्या आदल्या दिवशी हे कुणालाच नको असतं. आपल्या उदाहरणात सोमवार 13 जुलै ते रविवार 19 जुलै 2026 हा आठवडा घेऊ. आषाढीची गडबड त्याच्या पुढच्या आठवड्यात आहे.

पालकाच्या मनात काय असतं

पोस्टरसमोर उभ्या असलेल्या आईच्या मनात पहिलं वाक्य असतं: ‘आमच्या पोराला नीट दिसतं, कधी काही बोलला नाही.’ मजकुराचं सगळं यश या वाक्याला उत्तर देण्यात आहे, आणि उत्तर खरं असल्यामुळे ते सोपं आहे. जन्मापासून किंवा हळूहळू धूसर दिसणाऱ्या मुलाला स्पष्ट दिसणं म्हणजे काय हे माहीत नसतं. सगळ्यांनाच फळा असा दिसतो, असं त्याला वाटतं, म्हणून ते तक्रार करत नाही. एका डोळ्याने चांगलं आणि दुसऱ्याने कमी दिसत असेल तर घरी कुणालाच काही कळत नाही, कारण चांगला डोळा सगळं काम करतो. दुसरा डोळा वापरलाच गेला नाही तर तो आळशी पडतो. यावर उपचार सात-आठ वर्षांच्या आत सुरू झाले तर फायदा जास्त होतो. पुढे सुधारणा अवघड होत जाते.

दुसरं वाक्य: ‘फुकट म्हणजे चष्मा गळ्यात मारणार.’ याला गोड बोलून उत्तर देता येत नाही. मोफत काय आहे आणि काय नाही हे पोस्टरवर स्पष्ट लिहिणं हेच त्याचं उत्तर.

तिसरं: ‘एकदा चष्मा लागला की नंबर वाढतच जातो.’ हा समज घराघरांत आहे. वाढीच्या वयात डोळ्याचा गोळाही वाढत असतो, त्यामुळे लांबचं कमी दिसणाऱ्या मुलांचा नंबर चष्मा लावला तरी वाढू शकतो आणि न लावता तसाच ठेवला तरी वाढतो. हे पोस्टरवर समजावत बसू नका, तिथे तेवढी जागा नसते. तपासणीनंतरच्या दोन मिनिटांत सांगा. मुलीच्या चष्म्याबद्दलची काळजीही तिथेच, समोरासमोर बोलायची.

कच्चा मजकूर आणि त्यातल्या अडचणी

नेहमी छापला जातो तो मजकूर असा असतो:

> भव्य मोफत नेत्रतपासणी शिबिर!
> मोबाइलमुळे तुमच्या मुलांचे डोळे धोक्यात!
> तज्ज्ञ डॉक्टरांकडून कॉम्प्युटराइज्ड तपासणी
> चष्म्यांवर 50% सूट
> संधी चुकवू नका! (अटी लागू)

वाचायला भारदस्त वाटतो. पण प्रत्येक ओळ काहीतरी बिघडवते.

मोबाइलची ओळ पालकांना पटते, म्हणून ती सगळ्यांना आवडते. पण तिने निम्मे पालक गळतात. ‘आमच्याकडे मोबाइल देतच नाही’ असं म्हणणारी आई पुढे निघून जाते, आणि तिच्याच मुलाचा एक डोळा कमजोर असू शकतो. जवळून पाहण्याचं काम फार आणि मैदानावर जाणं कमी, याचा लांबचं न दिसण्याशी संबंध आढळतो हे खरं आहे. पण कितीतरी मुलांना मोबाइल हातात न घेताही नंबर असतो. शिवाय ही ओळ वाचून पालक स्वतःला अपराधी समजतात, आणि अपराधी वाटणारा माणूस तपासणीला यायला कचरतो.

‘तज्ज्ञ डॉक्टर’ हे शब्द दुकानात नेत्रतज्ज्ञ बसणार असतील तरच लिहा. ऑप्टोमेट्रिस्ट तपासणार असेल तर ‘ऑप्टोमेट्रिस्टकडून’ असंच लिहा. पालकांना शब्द नवा वाटला तर ‘दृष्टी तपासणीचं शिक्षण घेतलेले ऑप्टोमेट्रिस्ट’ असं म्हणा.

‘कॉम्प्युटराइज्ड’ हा शब्द मुलांच्या पोस्टरवरून काढाच. मुलांच्या डोळ्यांतल्या भिंगाची फोकस बदलण्याची ताकद खूप असते. यंत्रात डोकावताना मूल नकळत जवळ फोकस करतं आणि यंत्र खऱ्यापेक्षा जास्त मायनस नंबर दाखवतं. कधी नंबर नसतानाही दाखवतं. म्हणून लहान मुलांचा पक्का नंबर डॉक्टर थेंब घालून, फोकस सैल करून काढतात. यंत्राचा आकडा ही फक्त सुरुवात असते. पोस्टरने यंत्रालाच देव केलं की पालक खोलीत शिरताच ‘कॉम्प्युटरवर किती आला?’ विचारतात आणि तेवढ्यावर चष्मा मागतात.

50 टक्के सूट खरी असेलही, पण मुलांच्या तपासणीच्या पोस्टरवर ती ‘गळ्यात मारणार’ या शंकेला खतपाणी घालते. सूट द्यायचीच असेल तर दुकानात वेगळा फलक लावा. शाळेच्या आवारात लावायच्या पोस्टरवर ती नकोच. बरेच मुख्याध्यापक विक्रीचा उल्लेख पाहून परवानगी नाकारतात, आणि त्यांचं चुकत नाही.

राहिली ‘अटी लागू’. दिशाभूल करणाऱ्या जाहिराती रोखण्यासाठी केंद्र सरकारने 2022 मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. ग्राहकाला पैसे मोजावे लागणार असतील तर त्या गोष्टीला ‘मोफत’ म्हणता येत नाही, आणि खुलासा हा मूळ दाव्याच्याच भाषेत असायला हवा. तपासणी मोफत पण ‘केस पेपर 50 रुपये’ असं असेल तर ती मोफत नाही. वर मराठीत दावा आणि खाली इंग्रजीत बारीक टीप, हेही चालत नाही.

दुरुस्त केलेला मजकूर

> फळ्यावरचं नीट दिसतं का?
> मुलांना स्वतःला ते कळत नाही.
>
> मोफत दृष्टी तपासणी सप्ताह
> शाळेत जाणाऱ्या मुलामुलींसाठी, वय 6 ते 15
> सोमवार 13 जुलै ते रविवार 19 जुलै 2026
> सोमवार ते शनिवार: संध्याकाळी 5 ते 8
> रविवार: सकाळी 9 ते दुपारी 1
>
> मूल टीव्हीजवळ जाऊन बसतं? डोळे बारीक करून किंवा मान वाकडी करून बघतं? फळ्यावरून उतरवताना चुका करतं? तर नक्की आणा. यातलं काहीच दिसत नसलं तरीही एकदा आणा.
>
> मोफत: दोन्ही डोळ्यांची वेगवेगळी तपासणी आणि तपासणीचा लेखी कागद.
> यात नाही: चष्मा, औषध, डॉक्टरांची फी.
> चष्मा लागला तर तो कुठूनही करा. आमच्याकडूनच घ्यायला हवा असं नाही.
>
> तपासणी ऑप्टोमेट्रिस्ट करतील. गरज वाटली तर नेत्रतज्ज्ञांकडे जायला सांगतील.
>
> एका मुलाला 15 मिनिटं लागतात. आधी नाव नोंदवा.
> (फोन) (दुकानाचं नाव) (पत्ता, ओळखीची खूण)
>
> येताना जुना चष्मा आणि जुना नंबराचा कागद आणा. मूल जेवलेलं, झोप झालेलं असावं.

वरची दोन वाक्यं एकत्र वाचायची आहेत. पहिलं पालकांना थांबवतं, दुसरं ‘कधी बोलला नाही’ या उत्तराची वाट बंद करतं. लक्षणं तीनच ठेवली आहेत आणि तिन्ही घरी दिसणारी आहेत. डोकेदुखी, डोळे चोळणं, डोळ्यांतून पाणी येणं अशी आणखी भर घालता येते, पण यादी लांबली की पालक ती परीक्षेसारखी वाचतात आणि ‘आमच्यात यातलं काही नाही’ म्हणून सुटतात. म्हणूनच ‘यातलं काहीच दिसत नसलं तरीही’ हे वाक्य अजिबात काढू नका, जागा कमी पडली तर एखादं लक्षण काढा.

‘कुठूनही करा’ लिहायला दुकानदार कचरतो. पण कागद द्यायचा नसेल तर ही ओळ लिहू नका, आणि लिहिली असेल तर न मागता कागद हातात द्या. छापलेलं आणि घडलेलं वेगळं निघालं की त्या शाळेत पुढच्या वर्षी कुणी फिरकत नाही.

वय 6 पासून का? त्याहून लहान मुलांना तक्ता वाचता येत नाही. त्यांच्यासाठी चित्रांचा किंवा उलट्यासुलट्या ‘ई’चा तक्ता, जास्त वेळ आणि थेंब घालून पाहणारे डॉक्टर हवेत. चार वर्षांच्या मुलाला घेऊन कुणी आलं तर परत पाठवताना नेत्रतज्ज्ञांचा पत्ता द्या, आणि तो कागद आधीच तयार ठेवा. एक गोष्ट मात्र फोनवर नोंदणी करणाऱ्या मदतनिसालाही माहीत हवी. पालक म्हणाले की डोळा तिरळा दिसतो, फोटोत एका बाहुलीत पांढरी चकाकी दिसते, किंवा डोळ्याला मार लागला आहे, तर सप्ताहाची तारीख देऊ नका, लगेच डॉक्टरांकडे जायला सांगा. पांढऱ्या चकाकीमागे गंभीर आजार असू शकतो. तिथे आठवडाभर थांबणं बरोबर नाही.

पोस्टरवर तक्ता छापू नका

ही कल्पना प्रत्येकाला सुचते: पोस्टरच्या कोपऱ्यात अक्षरांचा छोटा तक्ता छापायचा आणि ‘तुमच्या मुलाला वाचता येतं का बघा’ असं लिहायचं. दिसायला छान आहे, पण नुकसान करते. 6 मीटरवरून वाचायच्या 6/6 ओळीतलं अक्षर 8.7 मिलिमीटर उंच असतं. तेच अक्षर 3 मीटरवरून वाचलं तर ती 6/12 ची ओळ होते, म्हणजे निम्म्या अंतरावर परीक्षा दुप्पट सोपी होते. दुकानाच्या पायरीवर मूल पोस्टरपासून दीड मीटरवर उभं असतं. तिथून दोन्ही डोळे उघडे ठेवून सगळं वाचतं, आई म्हणते ‘बघ, येतंय की’, आणि ज्या मुलाला यायला हवं होतं ते घरी जातं. प्रिंटरने फाइल ‘पानात बसवली’ की अक्षराचा आकारही बदलतो, ते वेगळंच.

हाच हिशेब पोस्टरच्या अक्षरांना मात्र उपयोगी पडतो. शाळेच्या फाटकाशी दुचाकीवर बसलेले पालक पोस्टरपासून साधारण 3 मीटरवर असतात. दृष्टी थोडी कमी असलेल्या माणसाला तिथून 9 मिलिमीटरचं अक्षर जेमतेम लागतं. जाता-जाता सहज वाचायचं तर त्याच्या तिप्पट धरा, म्हणजे वरची दोन वाक्यं अडीच सेंटिमीटर उंचीची. मोजताना वेलांटी आणि उकार सोडून नुसतं ‘क’ मोजा. तारीख आणि फोन दीड सेंटिमीटर. बाकीचं जवळ येऊन वाचायचं आहे, पण तेही 6 मिलिमीटरच्या खाली नेऊ नका. मुलांना शाळेतून न्यायला बरेचदा आजोबा येतात, आणि त्यांचा वाचायचा चष्मा घरी असतो.

एवढा मजकूर ए3 कागदावर दाटतो. ए3 ची रुंदी 29.7 सेंटिमीटर, कडा सोडून सुमारे 26 उरते आणि त्यात अडीच सेंटिमीटरची बारा-तेरा अक्षरं बसतात. पहिलं वाक्य एका ओळीत मावतं, दुसऱ्याला दोन ओळी लागतात. म्हणून भिंतीसाठी दुप्पट आकाराचा ए2 घ्या, आणि ए3 फक्त शाळेच्या सूचना फलकासाठी, शेवटची ‘येताना’ची ओळ काढून. ती ओळ नोंदणीच्या वेळी फोनवर सांगता येते.

छपाईआधी

तुम्ही मोबाइलवर टाइप केलेला मजकूर युनिकोडमध्ये असतो. बऱ्याच डीटीपी दुकानांत अजून जुने मराठी फॉन्ट वापरतात, आणि मजकूर तिकडे नेताना जोडाक्षरं फुटतात, पहिली वेलांटी एक अक्षर सरकते. या मजकुरात ‘फळ्यावरचं’, ‘चष्मा’, ‘दृष्टी’, ‘ऑप्टोमेट्रिस्ट’ आणि ‘मिनिटं’ हे शब्द धोक्याचे आहेत. पीडीएफ मागवा आणि हे शब्द बोट ठेवून वाचा. फॉन्टचं ‘कर्व्ह’ करून घ्या, म्हणजे छापखान्याच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसला तरी अक्षर बदलणार नाही. मग फोन नंबर प्रत्यक्ष लावून बघा. दिनदर्शिका उघडून वार आणि तारीख जुळते का पाहा, मागच्या वर्षीच्या फाइलमध्ये हमखास चुकतो तो वारच.

जुलैत पावसात कागद दोन दिवसांत फुगतो. बाहेर लावायच्या प्रती लॅमिनेट करा, पण चकचकीत नको, मॅट घ्या. चकचकीत पृष्ठभागावर दिव्याचा उजेड पडला की मधलं वाक्य दिसत नाही.

कुठे लावायचं हे परवानगीवर ठरतं. राज्यात 1995 पासून मालमत्तेच्या विद्रुपणाविरुद्ध कायदा आहे. विजेचा खांब, सरकारी भिंत किंवा दुसऱ्याचं कंपाउंड यांवर न विचारता चिकटवू नका. शाळेसाठी मुख्याध्यापकांना एक पानाचं पत्र द्या: तारीख, वेळ, कोण तपासणार, मुलांची नावं किंवा फोन नंबर शाळेकडून मागणार नाही, आणि आवारात विक्री करणार नाही. शिकवणीवर्ग, वह्यांचं दुकान आणि बालरोगतज्ज्ञांचा दवाखाना या तीन जागी पालक थांबून उभे राहतात, तिथे पोस्टर नीट वाचलं जातं.

80 जागांसाठी सुरुवातीला एकच शाळा आणि या तीन जागा पुरेत. नोंदणीच्या वहीत ‘कुठे वाचलं’ हा रकाना ठेवा. सप्ताहाच्या आधीच्या बुधवारपर्यंत 30 नावंही आली नाहीत तर आणखी एका शाळेला विचारा. 80 भरली तर प्रत्येक पोस्टरवर ‘नोंदणी पूर्ण’ची पट्टी त्याच दिवशी चिकटवा आणि नंतर फोन करणाऱ्यांची नावं वेगळ्या पानावर लिहून पुढच्या रविवारची वेळ द्या.

वहीत आणखी एक रकाना लागतो: डॉक्टरांकडे पाठवलं का. एखादा डोळा 6/9 ची ओळ वाचत नसेल, दोन डोळ्यांत दोन ओळींचा फरक असेल किंवा काच बदलूनही दृष्टी सुधारत नसेल, तर त्या मुलाचा चष्मा तुमच्याकडे लगेच करू नका. नेत्रतज्ज्ञांच्या नावाने चिठ्ठी द्या आणि पंधरा दिवसांनी पालकांना फोन करून गेलात का विचारा. या फोनसाठी पालकांचा नंबर ठेवणार असाल तर नोंदणीच्या वेळीच तसं सांगा, आणि तो नंबर सेलचे मेसेज पाठवायला वापरू नका. 20 जुलैला सकाळी दुकान उघडायच्या आधी सगळी पोस्टरं उतरवून आणा, शाळेतलं सर्वांत आधी.